चौदावी सोंगटी

माहजाँग म्हटलं की आपल्याकडे अनेकांना आठवतो तो संगणकावरचा किंवा मोबाइलवरचा खेळ. सोंगट्यांचा ढीग रचलेला असतो, त्यातून सारख्या दोन शोधायच्या आणि बोटाने उडवायच्या. तो एकट्याने खेळायचा, वेळ घालवण्याचा चांगला उद्योग आहे, पण माहजाँगशी त्याचं नातं सोंगट्यांवरच्या चित्रांपुरतंच. खरा माहजाँग चौघांचा. चीनमध्ये एकोणिसाव्या शतकात तो घडला, १९२० च्या दशकात अमेरिकेत त्याची साथ पसरली, आणि मुंबईतल्या काही जिमखान्यांत, लष्करी अधिकाऱ्यांच्या घरांत तो आजही खेळला जातो. चीनमध्ये जवळजवळ प्रांतागणिक नियम बदलतात. शिकायचं तर एकच पद्धत धरावी. मी इथे हाँगकाँगची जुनी पद्धत धरतो, कारण तिची मोजणी सर्वांत सुटसुटीत आहे आणि तिच्यात एक अशी अट आहे की नवशिक्याची सगळी गंमत आणि सगळी पंचाईत तिथेच होते.

रमी येणाऱ्याला अर्धा माहजाँग येतोच. तेरा पानं, एक उचलायचं, एक टाकायचं, क्रम लावायचे, सारखी पानं जमवायची. इथेही हातात तेराच सोंगट्या असतात. फरक हा की रमीत एकाच पानाच्या फार तर दोन-तीन प्रती असतात, माहजाँगमध्ये प्रत्येक सोंगटीच्या चार असतात. आणि रमीत सगळं शेवटी एकदम उघड होतं. इथे दुसऱ्याने टाकलेली सोंगटी उचललीत तर तिने पुरा झालेला संच तिथल्या तिथे टेबलावर उघडा मांडावा लागतो. म्हणजे घाई केली की गुपित फुटतं. खेळाचा निम्मा ताण या एका नियमात आहे.

आधी सोंगट्यांची ओळख. पत्त्यांतल्यासारखे इथे तीन रंग आहेत: ठिपके, बांबू आणि अक्षरं. प्रत्येकात १ ते ९, प्रत्येक सोंगटी चार वेळा, म्हणजे तीन रंगांच्या मिळून १०८. शिवाय चार वारे, म्हणजे पूर्व, दक्षिण, पश्चिम, उत्तर, आणि तीन ड्रॅगन: लाल, हिरवा, पांढरा. यांच्याही चार-चार प्रती, म्हणून आणखी २८. एकूण १३६. संचात आठ फुलं-ऋतूंच्या सोंगट्याही मिळतात, पण त्या सुरुवातीला बाजूला ठेवाव्यात. इथल्या उदाहरणात मी त्या घेतलेल्या नाहीत. नवशिक्याला अडवणाऱ्या दोनच सोंगट्या. बांबू १ वर बांबू नसतो, पक्षी असतो, त्यामुळे तो हमखास फूल समजला जातो. आणि पांढरा ड्रॅगन काही संचांत अगदी कोरा असतो, काहींत त्यावर नुसती निळी चौकट असते. लोक त्याला जादा सोंगटी समजून डब्यात परत ठेवतात. अक्षरांच्या रंगावर चिनी आकडे असतात. नव्या संचांत कोपऱ्यात आपले नेहमीचे इंग्रजी आकडेही छापलेले असतात. तसा संच मिळाला तर लाजू नका, तोच घ्या.

सोंगट्या पालथ्या घालून चौघं मिळून खळाखळा पिसतात आणि प्रत्येक जण समोर दोन थरांची भिंत रचतो, १७ जोड्या लांबीची. फासे टाकून भिंत कुठे फोडायची ते ठरतं. मग चार-चार असे तीन वेळा आणि शेवटी एक, अशा तेरा सोंगट्या प्रत्येकाला मिळतात. पूर्वेला बसलेला वाटप्या चौदावी घेतो, कारण पहिली टाकायची पाळी त्याची. पाळी घड्याळाच्या उलट्या दिशेने, म्हणजे तुमच्या उजवीकडे जाते. भिंतीत आता ८३ सोंगट्या उरल्या. चौघांत वाटल्या तर प्रत्येकाच्या वाट्याला जेमतेम वीस-एकवीस उचली येतात, आणि बहुतेक डाव त्याआधीच कोणीतरी संपवतो. हे लक्षात असू द्या. सुरुवातीच्या पाच-सहा सोंगट्या विचार न करता टाकल्या तर पाव डाव गेला.

जिंकणाऱ्या हाताचा आकार ठरलेला: चार संच आणि एक जोडी, एकूण चौदा. संच दोन तऱ्हांचे. एकाच रंगाच्या लागोपाठच्या तीन सोंगट्या म्हणजे चाव, उदाहरणार्थ बांबू ४-५-६. एकसारख्या तीन म्हणजे पंग. वारे आणि ड्रॅगन यांचा क्रम लागत नाही, त्यांचा फक्त पंगच होतो. एकसारख्या चार जमल्या तर काँग. तो संच म्हणून तीनच्या हिशेबात धरतात आणि तूट भरून काढायला भिंतीच्या शेपटाकडून एक सोंगटी घेतात. जोडी म्हणजे अगदी सारख्या दोन. हाँगकाँगमध्ये तिला डोळा म्हणतात. या आकाराला अपवाद थोडे आहेत. सर्वांत प्रसिद्ध म्हणजे तेरा अनाथ: तिन्ही रंगांचे १ आणि ९, चारही वारे, तिन्ही ड्रॅगन, आणि त्यांपैकी कोणत्याही एकाची जोडी. तो कधी लागला तर फोटो काढून ठेवा.

दुसऱ्याने टाकलेली सोंगटी उचलण्याचे हक्क सारखे नाहीत. चाव फक्त डावीकडच्याने, म्हणजे तुमच्या आधी खेळणाऱ्याने टाकलेल्या सोंगटीवर करता येतो. पंग आणि काँग कोणाच्याही सोंगटीवर. आणि हात पूर्ण होत असेल तर शेवटची सोंगटी कोणाकडूनही, चावसाठी असली तरी, घेता येते. दोघांना एकच सोंगटी हवी असेल तर जिंकणारा पहिला, मग पंग-काँगवाला, चाववाला सर्वांत शेवटी. पंग केला की पाळी तुमच्याकडे उडी मारते, मधल्यांची पाळी बुडते. त्यांना राग येतो, येऊ द्या.

एवढं कळलं की कोणीही हात पूर्ण करू शकतो. खरी अडचण पुढे आहे. हाँगकाँगच्या बहुतेक टेबलांवर किमान तीन फान असल्याशिवाय जिंकता येत नाही. फान म्हणजे हाताची किंमत मोजण्याचं एकक. हात कसाबसा पूर्ण केला पण त्यात तीन फान नसले, तर तो हात म्हणजे नुसत्या चौदा सोंगट्या.

फानांची सगळी यादी पाठ करण्याची गरज नाही. मोजकी माहीत असली तरी महिनोन् महिने खेळता येतं. ड्रॅगनच्या पंगला एक फान. तुम्ही ज्या दिशेला बसला आहात त्या वाऱ्याच्या पंगला एक, आणि जी फेरी चालू आहे तिच्या वाऱ्याच्या पंगला एक. चारही संच चाव असतील तर एक. काहीच न उघडता हात बांधला तर एक. शेवटची सोंगटी स्वतः भिंतीतून उचलून जिंकलात तर आणखी एक. ही झाली चिल्लर. मोठे घास तीन. चारही संच पंग किंवा काँग असले तर तीन फान. एकच रंग आणि सोबत वारे-ड्रॅगन चालतील, असा मिश्र एकरंगी हात असेल तर तीन फान. आणि वारे-ड्रॅगनही नाहीत, सगळा हात एकाच रंगाचा, अशा शुद्ध एकरंगी हाताला सात. जे जे लागू पडेल त्याची बेरीज करायची.

आता एक हात सुरुवातीपासून शेवटपर्यंत खेळून पाहू. फेरी पूर्वेची, तुम्ही दक्षिणेला बसला आहात. तुमच्या डावीकडे पूर्व, उजवीकडे पश्चिम, समोर उत्तर. (नकाशात पूर्व आणि पश्चिम उलट असतात. माहजाँगच्या टेबलाला नकाशा मान्य नाही.) तुम्हाला मिळालं ते असं: बांबू २, ३, ५, ६, ८. ठिपके ४, ९. अक्षरं १, ६, ७. लाल ड्रॅगन दोन. उत्तर वारा एक.

नवशिका पहिल्यांदा बघतो तो जमण्याजोग्या जागा: बांबूचे २-३ आणि ५-६, अक्षरांचे ६-७, लाल जोडी. हात वाईट नाही. पण तीन फान कुठून येणार, हा प्रश्न पहिली सोंगटी टाकण्याआधी विचारायचा असतो. लाल ड्रॅगनचा पंग झाला तरी एकच फान. तोच पंग झाला की चारही संच चाव असण्याचा फान गेला. उरतो रस्ता मिश्र एकरंगीचा. बांबू पाच, वारे-ड्रॅगन तीन, म्हणजे तेरातल्या आठ सोंगट्या आधीच त्या वाटेवर आहेत. आठ असतील तर हा रस्ता धरण्याजोगा. पाच-सहाच असते तर मी धरला नसता. बांबू जमवायचे, लालचा पंग करायचा, तीन अधिक एक असे चार फान. हा बेत.

पहिली उचल: बांबू ८. छान, जोडी झाली. टाकायचं काय? ठिपके ९. टोकाची सोंगटी इतरांच्याही फारशी उपयोगाची नसते, आणि बेत लगेच उघडा पडत नाही. पहिल्याच फटक्यात ठिपके ४ किंवा अक्षर ६ फेकला की सराईत खेळाडू भुवई उंचावतात: मधल्या सोंगट्या इतक्या लवकर सोडतोय, म्हणजे एकाच रंगामागे लागलाय. दुसरी उचल: बांबू ४. टाका अक्षर १. हातात आता बांबू २-३-४-५-६ आणि ८-८, ठिपका ४, अक्षर ६-७, लाल दोन, उत्तर एक. मोजून पाहा, तेरा.

आता समोरची उत्तर लाल ड्रॅगन टाकते. ‘पंग!’ तिची सोंगटी उचला, आपल्या दोन तिच्याशेजारी उघड्या मांडा, आणि ठिपका ४ टाका. पूर्वेची पाळी बुडाली. तुमच्या हातात लपलेल्या दहा उरल्या: बांबू २-३-४-५-६, ८-८, अक्षर ६-७, उत्तर.

थोड्या वेळाने डावीकडची पूर्व अक्षर ८ टाकते, आणि इथे खड्डा आहे. अक्षर ६-७ तुमच्याकडे आहेतच, चाव मागता येतो. मागितलात, उत्तर वारा टाकून दिलात, तर हातात राहतील बांबू २-३-४-५-६ आणि ८-८. टेबलावर लालचा पंग आणि अक्षरांचा चाव. या हाताला फक्त एक सोंगटी हवी, आणि तीही तीन तऱ्हांनी मिळू शकते. बांबू १ आला तर १-२-३ आणि ४-५-६. बांबू ४ आला तर २-३-४ आणि ४-५-६. बांबू ७ आला तर २-३-४ आणि ५-६-७. डाव अजून कोवळा आहे आणि तुमचा हात पूर्ण होण्याच्या काठावर. याहून सुंदर काय असेल?

फक्त तो जिंकू शकत नाही. त्यात लाल ड्रॅगनचा एक फान आहे. शेवटची सोंगटी स्वतः उचलली तर दोन. तिसरा येणार कुठून? भिंतीची अगदी शेवटची सोंगटी तुमची निघणं वगैरे दुर्मीळ योग सोडले, तर हा हात डाव संपेपर्यंत तयार अवस्थेतच बसून राहील. आणि भान न राहून कोणी तो जिंकला म्हणून उघडला, तर ती खोटी जीत ठरते. तिचा भुर्दंड बहुतेक टेबलांवर तिघांनाही भरावा लागतो, आणि तो सहसा मोठ्या हाताच्या दराने. मी पाहिलेल्या नवशिक्यांत हीच चूक सर्वांत जास्त, आणि ती हुशार माणसं करतात. ज्यांना जागा पटकन दिसतात ती.

तेव्हा अक्षर ८ जाऊ द्या. गप्प बसा, चेहराही बदलू नका. तुमची उचल: उत्तर वारा, दुसरा. जोडी जमली. आता अक्षर ६ टाका. हातात बांबू २-३-४-५-६, ८-८, उत्तर दोन आणि अक्षर ७, जे आता निव्वळ ओझं आहे. इथे हाताची रचना नीट बघावी. जोड्या दोन आहेत, गरज एकीची. म्हणून बांबू ८ किंवा उत्तर, कुठलीही तिसरी आली की तिचा पंग होईल आणि दुसरी जोडी डोळा म्हणून राहील. दोन जोड्या ठेवून पंगची वाट पाहणं यात एक फायदा असा की पंग कोणाकडूनही घेता येतो, डावीकडच्याच्या मर्जीवर राहावं लागत नाही.

पुढची उचल ठिपका २, आली तशी गेली. मग उजवीकडची पश्चिम बांबू ८ टाकते. ‘पंग!’ तीन आठ उघडे मांडा, अक्षर ७ टाका. हातात राहिल्या सात: बांबू २-३-४-५-६ आणि उत्तरेची जोडी. वाट कशाची? पुन्हा बांबू १, ४, ७ याच तिघांची. मघाच्या मोहातल्या हातासारखीच वाट, पण आता हातात बांबू आणि वारे-ड्रॅगन यांखेरीज काही नाही. मिश्र एकरंगीचे तीन, लालचा एक. चार फान.

आपण किती सोंगट्यांची वाट पाहतो आहोत हे मोजण्याची सवय इथून लावून घ्यावी. बांबू १ च्या चार, बांबू ७ च्या चार, बांबू ४ च्या चारांपैकी एक आपल्या हातात म्हणून तीन. एकूण अकरा. त्यांतून टेबलावर दिसणाऱ्या वजा करायच्या: समजा दोन बांबू १ आधीच फेकले गेले आहेत आणि एका उघड्या चावमध्ये बांबू ७ दिसतोय. उरल्या आठ. त्या भिंतीत असतील किंवा दुसऱ्यांच्या हातात. तुलनेसाठी, नुसता ५-६ असता तर ४ आणि ७ अशा आठांची वाट. ५-७ अशी मधली फट असती तर फक्त चार सहांची. १-२ असता तर फक्त चार तिनांची. आणि जोडीची एकच सोंगटी हातात असेल तर तिच्या उरलेल्या तिघींची. हात सारखाच तयार दिसतो, पण अकराची वाट आणि तीनची वाट यांत आकाश-पाताळाचं अंतर असतं. म्हणूनच तयार होण्याची घाई करण्यापेक्षा कशाची वाट पाहत तयार होतोय हे बघतात.

आता टेबलाच्या दुसऱ्या बाजूने पाहा. तुमच्यासमोर लालचा पंग आणि बांबू आठांचा पंग उघडा आहे. तुम्ही टाकलंत काय? ठिपके ९, अक्षर १, ठिपका ४, अक्षर ६, ठिपका २, अक्षर ७. एकही बांबू नाही. लक्ष देणारा खेळाडू यापुढे बांबू टाकणार नाही, स्वतःचा हात मोडावा लागला तरी चालेल. मधल्या सोंगट्या आधी लपवल्याने तुम्ही थोडा वेळ मिळवलात, एवढंच. जपानी पद्धतीत प्रत्येक जण आपल्या टाकलेल्या सोंगट्या स्वतःसमोर रांगेने मांडतो, त्यामुळे कोणी काय टाकलं ते वाचता येतं. हाँगकाँगमध्ये त्या मधोमध कशाही टाकतात. कोणाची कुठली ते लक्षात ठेवावं लागतं. ‘क्रेझी रिच एशियन्स’ या २०१८ च्या चित्रपटात नायिका आपल्याला जिंकवणारी बांबू ८ मुद्दाम सासू होऊ घातलेल्या बाईंच्या पुढ्यात टाकते आणि त्यांना जिंकू देते. तो प्रसंग निव्वळ नाट्य नाही. समोरच्याला नेमकं काय हवं आहे हे टाकलेल्या आणि उघडलेल्या सोंगट्यांवरून ओळखता येतं.

तुम्ही मात्र भिंतीकडे बघत बसा. काही उचलींनंतर हातात बांबू ७ येतो. तो इतर सोंगट्यांत न मिसळता टेबलावर वेगळा ठेवा आणि हात उघडा: बांबू २-३-४, बांबू ५-६-७, उत्तरेची जोडी, शिवाय आधीचे आठांचा आणि लालचा पंग. शेवटची सोंगटी वेगळी दिसली पाहिजे, कारण मोजणी तिच्यावर अवलंबून असते.

मोजू या. आधी आकार: चार संच, एक डोळा, चौदा सोंगट्या. बरोबर. मग रंग: एकच रंग आणि वारे-ड्रॅगन, तीन फान. मग मानाच्या सोंगट्या: लालचा पंग, एक. उत्तरेची जोडी? शून्य. जोडीला किंमत नाही, आणि असती तरी ती ना तुमची दिशा आहे ना फेरीची. मग जिंकलात कसे: स्वतः उचलून, एक. एकूण पाच फान. मोजणी नेहमी याच क्रमाने करावी, म्हणजे काही सुटत नाही आणि एकच गोष्ट दोनदा धरली जात नाही.

फानांचे गुण कसे करायचे याची कोष्टकं अनेक आहेत. एका प्रचलित कोष्टकात तीन फानाला ८, चाराला १६, पाचाला २४, सहाला ३२, साताला ४८ असे गुण चढत जातात. दुसऱ्याच्या सोंगटीवर जिंकलात तर ती टाकणाऱ्याने सगळे गुण एकट्याने भरायचे. स्वतः उचलून जिंकलात तर तिघांनीही निम्मे-निम्मे. आपल्या हाताला हे लावून पाहा. पश्चिमेने बांबू ७ टाकला असता तर चार फान, १६ गुण, तेही एकट्या पश्चिमेकडून. स्वतः उचलल्याने पाच फान, २४ चे निम्मे १२, तिघांकडून मिळून ३६. एकाच सोंगटीने दुपटीहून जास्त. म्हणून चांगली वाट लागलेला सराईत खेळाडू कोणी बांबू टाकत नाही याने हवालदिल होत नाही. आणि म्हणूनच दुसऱ्याचा हात एकरंगी दिसू लागला की त्याला नको ती सोंगटी टाकणारा एकटाच भरतो, हे विसरू नये.

शुद्ध एकरंगीकडे का वळलो नाही, असा प्रश्न पडेल. सात फान, ४८ गुण. पण त्यासाठी उत्तरेची जोडीच नव्हे, टेबलावर मांडून झालेला लालचा पंगही हातात नसायला हवा होता, आणि मांडलेला संच परत घेता येत नाही. लालचा पंग घेतला त्या क्षणी ते दार बंद झालं. मला विचाराल तर बंद झालं ते बरंच. आठ सोंगट्यांच्या सुरुवातीवरून शुद्ध एकरंगीचा हट्ट धरणारे लोक बहुतेक वेळा डाव संपेपर्यंत दोन सोंगट्या कमी असतात.

जाता जाता एक यांत्रिक गोष्ट, जिच्यामुळे चांगले हात वाया जातात. सोंगटी टाकल्यावर हातात लपलेल्या सोंगट्यांची संख्या नेहमी १३, १०, ७, ४ किंवा १ असली पाहिजे, उघडे संच किती आहेत त्यानुसार. काँगवरची बदली सोंगटी घ्यायला विसरलात, किंवा पंग करून वर भिंतीतूनही उचललीत, तर हा आकडा चुकतो, आणि मग तो हात त्या डावात जिंकूच शकत नाही. पंग-चाव केल्यावर भिंतीला हात लावायचा नाही. काँग केल्यावर लावायचाच. दर दोन-तीन पाळ्यांनी सोंगट्या मोजा. आकडा चुकलेला दिसला तर तो डाव बचावाने खेळा, म्हणजे इतरांना काही लागणार नाही असंच टाकत राहा.

हे सगळं हाँगकाँगच्या जुन्या पद्धतीपुरतं. चीनने १९९८ मध्ये स्पर्धांसाठी काढलेल्या नियमांत ८१ प्रकारचे गुण आहेत आणि किमान अट आठ गुणांची. अमेरिकेतल्या नॅशनल माहजाँग लीगचे खेळाडू दरवर्षी छापल्या जाणाऱ्या नव्या कार्डावरचे हात जमवतात, आणि त्यांच्या संचात जोकरही असतात. इथे शिकलेली मोजणी तिथे चालणार नाही. सोंगट्यांचं वाचन, वाट मोजणं आणि टाकलेल्यांवर नजर ठेवणं मात्र चालेल.

कोणी माहजाँगला बोलावलं, तर भिंत रचण्याआधी तीन गोष्टी विचारून घ्या: किमान फान किती, फुलं घ्यायची की नाही, आणि दुसऱ्याच्या सोंगटीवर जिंकलं तर कोण किती भरतो. हे न विचारता बसणाऱ्या टेबलावर पहिलं भांडण पहिल्याच डावाला होतं.